मदत हवी आहे: साड्यांच्या चौकशीला आपोआप उत्तर जावे, पण तक्रार माणसाकडेच यावी, हे कसे जमवावे?

काठपदर_येवला

नमस्कार. येवल्यात आमचा पैठणी आणि सेमी-पैठणी साड्यांचा घरगुती व्यवसाय आहे. मी, माझ्या जाऊबाई आणि पॅकिंगसाठी एक मदतनीस, असे तिघेजण तो सांभाळतो. बहुतेक विक्री व्हॉट्सअ‍ॅपवरील मेसेजमधूनच होते आणि त्यांतले प्रश्न ठरलेले असतात: किंमत काय, साडी हातमागाची की यंत्रमागाची, फॉल-पिको करून मिळेल का, पार्सल हातात आल्यावर पैसे दिले तर चालतील का आणि पोहोचायला किती दिवस लागतील. लग्नसराईत याच प्रश्नांना उत्तरे देण्यात संध्याकाळ निघून जाते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या एपीआयवर चालणारी एक सेवा घेतली. दोघी आपापल्या फोनवरून एकाच इनबॉक्समध्ये काम करतो आणि मेसेजमध्ये ठरावीक शब्द आला की ठरलेले उत्तर आपोआप जाते.

अडचण अशी आली. नागपूरच्या एका ताईंनी शनिवारी रात्री लिहिले, "साडी सुंदर आहे, पण पदरावर तेलकट डाग आहे." त्यांना साड्यांचे दरपत्रक गेले. त्यांनी पुन्हा लिहिले, "khup vait anubhav aala tumcha." पुन्हा दरपत्रकच गेले. मग त्यांनी डागाचा फोटो पाठवला, त्यावर "आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क करतील" असे उत्तर गेले, आणि ते संभाषण उत्तर दिलेल्यांच्या यादीत जाऊन बसले. सोमवारी ते उघडून उत्तर लिहिले, तर मेसेज जाईचना. शेवटी फोन करून साडी बदलून दिली, पण ताई फार दुखावल्या होत्या.

माझे प्रश्न दोन आहेत. तक्रारीला दरपत्रक का जाते आणि ते कसे थांबवावे? आणि संभाषण नेमके कोणत्या क्षणी यंत्राकडून काढून माणसाकडे द्यावे?

सह्याद्री_स्टोअर्स

ताई, एवढी मोठी सेवा कशाला घेतलीत? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये स्वागत संदेश आहे, दुकान बंद असतानाचा संदेश आहे, आणि `/` टाइप केले की तयार उत्तरे समोर येतात. अशी 50 उत्तरे साठवता येतात. माझे किराणा दुकान त्यावर व्यवस्थित चालते. उत्तर आपण स्वतः निवडून पाठवत असल्यामुळे चुकीचे उत्तर जाण्याचा प्रश्नच येत नाही. सोमवारी मेसेज गेला नाही, त्याचे कारण 24 तासांचा नियम. तो व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांनाच लागू आहे, त्याला इलाज नाही.

ओळ_आणि_कोड

दादांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. एकाच फोनवरून दुकान चालत असेल, तर तयार उत्तरे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. मात्र 24 तासांची मर्यादा साध्या अ‍ॅपला नाही. ती एपीआयवरून जाणाऱ्या मेसेजना आहे. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तास आपल्याला मनाजोगे काहीही लिहिता येते. त्यानंतर फक्त व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मंजूर करून घेतलेला मेसेजचा साचा पाठवता येतो, आणि ग्राहकाने त्याला उत्तर दिले की पुन्हा 24 तास मिळतात. ताईंच्या ग्राहकाने शनिवारी रात्री लिहिले, म्हणजे मुदत रविवारी रात्री संपली. म्हणून एक साचा आजच मंजूर करून ठेवा: "आपल्या ऑर्डरविषयीची तक्रार आम्ही पाहिली आहे. बोलण्यासाठी कृपया या मेसेजला उत्तर द्यावे." शिवाय रविवारी दुपारी एकदा, पाच मिनिटांसाठी का होईना, तक्रारींची यादी उघडण्याचे काम कोणा एकाकडे असावे. साच्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आता दरपत्रकाविषयी. आपण "दर", "भाव", "किंमत", "rate", "bhav" असे शब्द दिले असतील आणि नियम "मेसेजमध्ये हे असेल तर" असा असेल, असा माझा अंदाज आहे. असा नियम पूर्ण शब्द पाहत नाही, तो अक्षरांचा तुकडा शोधतो. "सुंदर" या शब्दाच्या शेवटी "दर" आहे, "पदर" या शब्दातही आहे, आणि रोमन लिपीतल्या "anubhav" मध्ये "bhav" आहे. साडीच्या दुकानात सुंदर आणि पदर हे शब्द दिवसभर येणार, त्यामुळे कौतुकालाही दरपत्रक जात असणार. सेवेच्या सेटिंगमध्ये "पूर्ण शब्द जुळला तरच" असा पर्याय असेल, तर तो निवडावा. देवनागरीवर तो नीट चालतो की नाही, हे स्वतःच्या दुसऱ्या नंबरवरून "पदर दाखवा" असे पाठवून तपासून पाहावे, कारण शब्दाची सीमा ओळखणारी `\b` ही खूण जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अक्षरे धरून चालते आणि तिथे `\bदर\b` कधीच जुळत नाही. आपल्याकडे कोड लिहिणारे कोणी असेल, तर मोकळ्या जागेवर शब्द तोडणे सोपे पडते:

```js
const RATE = new Set(["दर", "भाव", "किंमत", "rate", "bhav"]);
const words = text.toLowerCase().split(/[\s,.?!]+/);
const asksRate = words.some(w => RATE.has(w));
```

यात "दराने" किंवा "किमतीबद्दल" अशी रूपे सुटतील. नेहमीची रूपे यादीत घालावीत, उरलेली सुटू द्यावीत. सुटलेला प्रश्न माणसाकडे येतो आणि त्यात आपले एक मिनिट जाते, पण चुकून जुळलेल्या शब्दाने ग्राहक दुखावतो.

पागोळी_होमस्टे

मालवणजवळ आमचे होमस्टे आहे. आम्हालाही असाच अनुभव आला, पण वेगळ्या बाजूने. "खोली रिकामी आहे का" याला आपोआप "होय, कृपया तारीख कळवा" असे उत्तर जात असे. मे महिन्यात एकही खोली शिल्लक नसताना लोक त्या "होय"वर विसंबून गाडीचे आरक्षण करून मोकळे होत. तेव्हापासून रोज बदलणारी गोष्ट आम्ही आपोआप उत्तरात ठेवत नाही. दर, पत्ता, जेवणाच्या वेळा एवढेच ठेवतो. एखादी पैठणी एकच नग असते ना? मग "उपलब्ध आहे का" याचे उत्तर यंत्राला देऊ नये, असे मला वाटते.

गौरी_कलेक्शन

पोस्टखाली "किंमत?" असे लिहिणाऱ्यांना मी इनबॉक्समध्ये या म्हणून सांगते. तुम्ही किंमत पोस्टवरच लिहिलीत, तर हे प्रश्न येणारच नाहीत.

काठपदर_येवला

गौरीताई, किंमत आम्ही पोस्टवर लिहितोच. माझा प्रश्न मेसेजमध्ये आलेल्या तक्रारींविषयी आहे. ओळ_आणि_कोड यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. "पदर दाखवा" असे पाठवून पाहिले, तर दरपत्रक आले. सेवेत पूर्ण शब्दाचा पर्याय आहे आणि तो देवनागरीतही चालतो. होमस्टेचे म्हणणेही पटले. उपलब्धतेचे उत्तर आजच काढून टाकते. आता दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगावे.

ओळ_आणि_कोड

संभाषण माणसाकडे देण्याचे नियम किंमतीच्या नियमाच्या आधी तपासले गेले पाहिजेत. तसे केले, तर "साडी फाटलेली आली, आता नवीनचा rate काय" असा मेसेजही माणसाकडेच जाईल. माझ्या मते तीन खुणा पुरेशा आहेत. पहिली खूण शब्दांची: डाग, फाटली, परत, बदलून, पैसे कापले, तक्रार, आणि हेच शब्द रोमन लिपीत. "परत" हा शब्द "परत एकदा फोटो पाठवा" यातही येतो, पण इथे जास्तीचे मेसेज आपल्याकडे आले तरी चालतील. दुसरी खूण म्हणजे एकाच ग्राहकाला तेच आपोआप उत्तर दुसऱ्यांदा जाऊ लागणे. आपल्या नागपूरच्या ताईंच्या बाबतीत दुसरे दरपत्रक इथेच अडले असते, शब्दांची यादी कितीही अपुरी असती तरी. तिसरी खूण म्हणजे आवाजी मेसेज किंवा फोटो, कारण त्यात काय आहे ते यंत्राला वाचता येत नाही.

त्यापुढची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संभाषण माणसाकडे गेले, की त्या ग्राहकापुरती सर्व आपोआप उत्तरे बंद झाली पाहिजेत आणि ती आपण स्वतः प्रकरण मिटवल्यावरच सुरू झाली पाहिजेत. अमुक तासांनी आपोआप सुरू होण्याची सोय असेल, तर ती तक्रारींसाठी बंद ठेवावी. आपण साडीचा फोटो तपासत असताना मध्येच फॉल-पिकोची माहिती जाऊ नये. तसेच यंत्राने दिलेले उत्तर "उत्तर दिले" असे मोजले जाऊ नये. माणसाकडे आलेल्या संभाषणाला वेगळे लेबल लागावे, आणि जाऊबाई किंवा आपण उत्तर दिल्याशिवाय ते निघू नये.

शेवटच्या उत्तराचे शब्दही बदलावेत. "लवकरच" याऐवजी खरी वेळ सांगावी: "आपला मेसेज दुकानातील माणसाकडे दिला आहे. रविवारी दुपारी 12 ते 1 या वेळात आम्ही स्वतः उत्तर देऊ. डागाचा फोटो आणि ऑर्डर क्रमांक पाठवून ठेवल्यास काम लवकर होईल." जी वेळ पाळता येईल, तीच लिहावी. एपीआय वापरणाऱ्यांनी माणसापर्यंत पोहोचण्याचा स्पष्ट आणि थेट मार्ग ठेवलाच पाहिजे, असे व्हॉट्सअ‍ॅपचे धोरणही सांगते. म्हणून पहिल्याच आपोआप उत्तराखाली "आमच्याशी बोला" असे बटण असावे. रागावलेला ग्राहक योग्य शब्द टाइप करील, अशी अपेक्षा ठेवू नये.

काठपदर_येवला

मनापासून आभार. लेबल आणि बटण दोन्ही करून घेते. फोटोच्या खुणेबद्दल मात्र शंका आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो तक्रारीचे नसतात. इन्स्टाग्रामवरील आमच्याच साडीचा स्क्रीनशॉट पाठवून "ही आहे का" असे विचारतात. ते सगळे माणसाकडे आले, तर आमचा भार फारसा कमी होणार नाही.

ओळ_आणि_कोड

त्या नंबरवर गेल्या 15 दिवसांत पार्सल पोहोचले आहे का, एवढे पाहून दोन रांगा करता येतील. पोहोचले असेल, तर फोटो तक्रारीच्या रांगेत, सर्वांत वर; नसेल, तर चौकशीच्या रांगेत, सवडीने पाहण्यासाठी. यासाठी ऑर्डरची यादी त्या सेवेला जोडलेली हवी. वहीत किंवा वेगळ्या शीटमध्ये असेल, तर पार्सल पोहोचल्यावर संपर्काला हाताने लेबल लावावे लागेल. नात्यातल्या दुसऱ्या कोणाच्या नंबरवरून फोटो आला, तर ही युक्ती चालणार नाही.

सह्याद्री_स्टोअर्स

24 तासांबद्दल माझी माहिती अपुरी होती, ती दुरुस्त झाली. एक विचारतो: घासाघीस करणाऱ्यांचे काय करता? "शेवटचा भाव सांगा" यालाही दरपत्रकच जाणार ना?

काठपदर_येवला

हो, "भाव" हा पूर्ण शब्दच असल्यामुळे जाणार. जाऊबाईंच्या मते तिथे "किंमत ठरलेली आहे" असे आपोआप उत्तर असावे. मला वाटते, "शेवटचा भाव" विचारणारे गिऱ्हाईक बहुधा साडी घेण्याच्या बेतात असते आणि त्याच्याशी आपण स्वतः बोलावे. आमच्यात अजून एकमत झालेले नाही. साड्या किंवा दागिने विकणाऱ्या कोणी हे दोन्ही करून पाहिले असेल, तर कृपया लिहावे.