दरात कर आधीच धरलाय
«बिलाच्या फोटोवरून वस्तूंच्या ओळी नीट निघतात, पण बेरीज छापील रकमेपेक्षा दरवेळी जास्तच येते.»

आकडे चुकीचे वाचले जात असते तर फरक कधी कमी, कधी जास्त आला असता. दरवेळी जास्तच, म्हणजे दरात जीएसटी आधीच धरलाय आणि तुम्ही तो पुन्हा लावताय. बोहरी आळीतून आणलेल्या बिजागऱ्यांच्या बिलावर मीही असाच अडकलो होतो: १२ नग, दर ११८, रक्कम १४१६. त्यावर १८ टक्के लावले की १६७०.८८! उलट १४१६ ला १.१८ ने भागलं तर करपूर्व १२००, सीजीएसटी १०८, एसजीएसटी १०८. बिलाच्या तळाशी, घडीवर पुसट झालेले आकडे नेमके हेच होते.

आणि शेवटी ५० पैशांच्या आतला फरक उरला तर तो बहुधा ‘राउंड ऑफ’चा, त्याची वेगळी ओळ ठेवा. कुठल्या वस्तूच्या दरात जिरवू नका.