सर्व्हरच्या पत्रात रॅमचा हिशोब मांडा

"प्राचार्यांना निधीसाठी पत्र लिहितोय, मुलांच्या व्हीएमसाठी सर्व्हर हवाय. रॅम किती मागू?"

एका वेळी लॅबमध्ये बसणारी बॅच धरा, अख्खं कॉलेज नको. 30 मुलं, प्रत्येकी 4 जीबी म्हणजे 120, वर होस्टला 8-10, म्हणजे 128-130, तेव्हा 128 अगदी काठावर राहतं आणि रॅम संपून डिस्कवर स्वॅप सुरू झालं की सगळ्यांचीच मशीन रेंगाळतात, म्हणून 192 मागा. सीपीयूचे कोअर वाटून चालतात, रॅमचं तसं नाही, हे पत्रात लिहाच, सरांना तेच पटवायचं असतं. डिस्क एसएसडीच घ्या, प्रॅक्टिकल सुरू होताना सगळ्या व्हीएम एकदम बूट होतात तेव्हा साधी हार्डडिस्क पार अडकते. आणि यूपीएस, बॅकअप डिस्क त्याच कोटेशनमध्ये टाका, नंतर वेगळी मंजुरी मिळवणं फार जड जातं.