‘१५ ऑगस्टपर्यंत’ म्हणजे १५ धरून की सोडून?

रंकाळ्याकाठचा: दुकानावर फलक होता: ‘मिक्सरवर २० टक्के सूट, १५ ऑगस्टपर्यंत’. मिक्सरची किंमत ४,००० रुपये. मी १५ तारखेला संध्याकाळी सहाला गेलो, तर पोरगा म्हणाला, ‘काका, ऑफर काल संपली.’ ८०० रुपयांचं सोडा, पण मराठीत ‘पर्यंत’ म्हणजे नक्की काय? तो दिवस त्यात येतो की नाही?

निवृत्त मास्तर: येतो. ‘पाच तारखेपर्यंत रजेवर आहे’ म्हणणारा माणूस सहाला कामावर हजर होतो, पाचला नाही. ‘शाळा दहावीपर्यंत आहे’ म्हटल्यावर कुणी विचारत नाही की दहावीचा वर्ग भरतो का.

गोटू: पण मास्तर, ‘लग्नापर्यंत ती नोकरी करत होती’ यात लग्नाचा दिवस कुठे धरायचा? किंवा ‘तो येईपर्यंत थांबलो’. तो आला की थांबणं संपलं. म्हणजे ‘पर्यंत’ हद्द सोडूनही चालतं.

निवृत्त मास्तर: बरोबर धरलंत. हा घोळ जुना आहे. संस्कृतात ‘आ’ या उपसर्गाचे दोन अर्थ पाणिनीनेच वेगळे केले, मर्यादा आणि अभिविधी. हद्द वगळली तर मर्यादा, हद्दीसकट धरलं तर अभिविधी. ‘आसेतुहिमाचल’ म्हणताना सेतू आणि हिमाचल दोन्ही आत असतात. ‘पर्यंत’नेही तेच दुहेरी ओझं उचललंय.

माझा अंदाज असा: पुढे आलेली गोष्ट क्षणाची असली, जसं कुणाचं येणं किंवा दहाचा ठोका, तर तिथे रेघ मारली जाते. पण तारीख, इयत्ता, महिना यांना लांबी असते, आणि लांबीच्या गोष्टीला आपण तिच्या शेवटापर्यंत धरतो. ‘दहा वाजेपर्यंत’ म्हटलं की भांडण होत नाही, कारण ठोक्याला आत-बाहेर असं काही नसतंच.

गोटू: मग ‘दिवाळीपर्यंत पैसे देतो’?

निवृत्त मास्तर: दिवाळी चार-पाच दिवसांची, तिथे उधारी बुडालीच समजा.

कोर्टाच्या पायरीवर: यात अंदाज कशाला? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ९ बघा. ‘फ्रॉम’ म्हटलं की पहिला दिवस वगळायचा, ‘टू’ म्हटलं की शेवटचा धरायचा. विषय संपला.

चष्मेवाली: वकीलसाहेब, ते कलम केंद्रीय कायदे नि नियम कसे वाचायचे याबद्दल आहे. मिक्सरच्या फलकाला ते आपोआप लागत नाही. दुकानदाराशी वाद झालाच, तर उपयोगी पडेल ते दुसरं तत्त्व: मजकूर ज्याने लिहिला, संदिग्धता त्याच्या विरुद्ध जाते. दोन अर्थ निघतात ना, मग फायदा गिऱ्हाइकाला.

कोर्टाच्या पायरीवर: हो, पण कायद्यातही तसंच धरतात हे सांगायला हरकत काय? बाकी तत्त्व मान्य.

सांगलीची आजी: मला औषधाचं कळत नाही बाई. बाटलीवर नुसतं ‘मे’ लिहिलेलं असतं. एक तारखेला टाकून द्यायचं का?

चष्मेवाली: नाही आजी, मेच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. इथला प्रश्न वेगळा आहे, तरी बघा, तिथेही महिना शेवटापर्यंतच धरलाय.

बिलिंगवाला: मी दुकानांची बिलिंगची कामं करतो. बहुधा पोरगा खोटं बोलत नव्हता. ऑफर भरताना शेवटच्या रकान्यात नुसती तारीख टाकली आणि वेळ टाकली नाही, तर काही सिस्टीम ती `2025-08-15 00:00:00` अशी साठवतात. म्हणजे १५ तारीख उजाडण्याआधीच, १४ च्या मध्यरात्री सूट बंद. उपाय सोपा आहे: `23:59:59` टाका, किंवा ‘१६ तारीख लागेपर्यंत’ अशी तुलना करा. ओळखायचं कसं? १४ ला रात्री उशिरा सूट मिळत होती आणि १५ ला पहिल्याच बिलाला गेली, तर हाच घोळ. १५ ला सकाळी मिळून संध्याकाळी गेली असेल, तर कुणीतरी हाताने बंद केलीय.

रंकाळ्याकाठचा: शेजारच्या वहिनींना १५ ला सकाळी मिळाली होती हो!

बिलिंगवाला: मग माझं यंत्र सुटलं. मालकाला विचारा.

गोटू: ‘१५ तारखेच्या आत’ लिहिलं असतं तर?

निवृत्त मास्तर: मी तरी १४ समजेन.

चष्मेवाली: आमच्याकडे सोसायटीची वर्गणी ‘१० तारखेच्या आत’ म्हणतात आणि दहाला भरलेली बिनदंड घेतात.

निवृत्त मास्तर: ती सेक्रेटरीची दया, व्याकरण नव्हे.

चष्मेवाली: सगळेच तसं बोलत असतील तर व्याकरण कुणाचं, मास्तर?

रंकाळ्याकाठचा: वहिनींचं बिल घेऊन उद्या जातोय. नवीन फलक लावायचा असेल तर ‘१५ ऑगस्ट धरून, दुकान बंद होईपर्यंत’ असं लिहा म्हणून सांगणार.