मदत हवी: मीटर १७२ दाखवते अन् अंग थरथरते, खरं कोणाचं मानू?

हिंगणघाटचा_ट्रकवाला
नमस्कार मंडळी. मी ट्रक चालवतो, हिंगणघाटहून रुईच्या गाठी भरून हैद्राबादकडे. शुगर चार वर्षांपासून आहे, सकाळी जेवणाआधी ग्लिमेपिराइड अन् मेटफॉर्मिनची गोळी घेतो, मीटर केबिनमध्येच असते, चहाला थांबलो का तपासतो अन् वहीत लिहितो.

परवा ८ ला गोळी घेतली, पोहे खाल्ले. मग गाठी भरणं, ताडपत्री ओढून रस्सी बांधणं, वजनकाट्यावर लाईन, जेवण राहूनच गेलं. दीडच्या सुमारास करंजीला थांबलो, क्लिनर पोरानं संत्री घेतली होती, एक सोललं, एक फोड तोंडात टाकली. तवाच जांभयावर जांभया यायला लागल्या, हात थरथरत होता. तपासली तं १७२! म्हटलं वाढून राहिली, संत्रं पोराला देऊन टाकलं अन् गाडी काढली. पांढरकवड्याच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला उतरायला लागली, मले समजलंच नाही, पोरगा ओरडला म्हणून ब्रेक मारला. त्यानं हातपाय धुवायला लावले, तपासली तं ५८. ग्लुकोजचं पाणी पाजलं तवा ठीक झालो. अर्ध्या तासात १७२ ची ५८ कशी होईल? मीटर बिघडलं का?

काटोलकर_७
भाऊ, गरमीनं स्ट्रिपा खराब झाल्या असतील. केबिनमध्ये उन्हात डबी ठेवली का आकडा कसाही येतो. नवीन डबी घ्या. अन् माल भरायच्या दिवशी गोळीच घेऊ नका, सोपं काम.

वणीची_सिस्टर
स्ट्रिप उन्हानं खराब होते हे खरं, पण खराब स्ट्रिप धुतल्या हातानं चांगली होत नाही. दादा, एक विचारते, १७२ आलं तेव्हा बोटाला संत्र्याचा रस होता का? अन् दुसऱ्यांदा हात धुतल्यावरच ५८ आलं ना?

हिंगणघाटचा_ट्रकवाला
हाव ताई! सोलून लगेच टोचलं, बोट चिकट होतं, पँटीला पुसलं होतं फक्त.

वणीची_सिस्टर
मग मीटर बिघडलं नाही, त्यानं संत्र्याची साखर मोजली. रक्ताचा थेंब केवढा असतो, बोटावर रसाचा अंश राहिला तरी आकडा फुगतो. करंजीलाच तुमची शुगर उतरली असणार, अंग खरं सांगत होतं. स्पिरिटचा बोळा नुसता फिरवून रस जाईलच असं नाही, साबणपाण्यानं धुवायचं अन् कोरडं करायचं. गाडीत पाणी कमी असेल तर ओल्या फडक्यानं बोट नीट पुसा, पहिला थेंब पुसून टाका, दुसऱ्यावर तपासा.

अन् लक्षणं एक सांगतात, आकडा दुसरं सांगतो, अशा वेळी गाडी काढायची नाही. उतरली असंच धरून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी धुतल्या हातानं परत तपासायची. ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. मग भाकर-भाजी खायची, कारण ग्लिमेपिराइड दिवसभर काम करत राहते अन् साखरेचं पाणी थोड्याच वेळात संपते. शुगर नीट झाल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात नको, डोकं उशिरा जागेवर येतं. निघताना ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन मगच चाक धरायचं.

गोळी मनानं बंद करू नका, काटोलकर भाऊंचा सल्ला मला पटत नाही. डॉक्टरांना सांगा की काम असं आहे, जेवणाची वेळ नाही, डोस किंवा गोळी बदलता येते. बीपीची गोळी चालू आहे का?

शेतकरी_मारेगाव
माझी उपाशीपोटी २४० राहते, कारल्याचा रस चालू केला, किती दिवसात उतरेल? मलाही स्ट्रिपाचा प्रॉब्लेम आहे काय?

वणीची_सिस्टर
काका, तुमचं उलटं आहे, तुमची वाढते. वेगळा धागा काढा अन् कारल्यावर थांबू नका, दवाखान्यात दाखवा.

हिंगणघाटचा_ट्रकवाला
बीपीची गोळी आहे ताई, नाव पाकिटावर पाहून सांगतो. काऊन विचारलं?

वणीची_सिस्टर
काही बीपीच्या गोळ्यांनी धडधड अन् थरथर कमी जाणवते, घाम मात्र येतो. मग उतरल्याचं उशिरा कळतं.

हिंगणघाटचा_ट्रकवाला
आज वही परत पाहिली. जवा जवा ७० च्या खाली आली त्याच्या आधी दर वेळी दोन गोष्टी होत्या. एक, दिवसाढवळ्या जांभया. दुसरी, पोरावर विनाकारण खेकसलो. पोराले विचारलं तं तो म्हणे भाऊ, तुम्ही गावाची पाटी मोठ्यानं दोनदा वाचता, तवा मले समजते. एवढे दिवस बोलला नाही बिचारा. आता त्याले सांगितलं, पाटी दोनदा वाचली का गाडी बाजूला घ्यायला लावायची, मी कितीही चिडलो तरी. साखरेची पुडी गिअरजवळ ठेवली, बिसलेरीचं पाणी हात धुवायला वेगळं.

काटोलकर_७
पण रात्री गाडीत एकटे असले तर? तवा कोण सांगते?

हिंगणघाटचा_ट्रकवाला
त्याचंच टेन्शन आहे. सध्या दर दोन तासाला थांबून तपासतो, एकट्याची खेप घेत नाही. सोमवारी डॉक्टरकडे वही घेऊन जातो, बीपीच्या गोळीचं अन् डोसचं काय म्हणतात ते इथंच लिहितो.