एम अँड ईला किती टक्के धरायचे? फंडर ५ वर अडलाय

परसातली_शेवगा
सोमवारी बजेट पाठवायचंय. एम अँड ईला, म्हणजे देखरेख आणि मूल्यमापनाला, ११% धरलेत. फंडर म्हणतो ५ च्या वर जायचं असेल तर कारण लेखी द्या. कुणाकडे तयार मजकूर असेल तर टाका प्लीज, वेळ नाहीये.

रानवाटा
पैसा सीएसआरचा की परदेशी? एकूण रक्कम किती? आणि त्या ११ टक्क्यांत काय काय घातलंय?

स्पष्टवक्ता
सीएसआर असेल तर वाद घालू नका. नियमातच ५% ची मर्यादा आहे.

परसातली_शेवगा
सीएसआर. ४० गावांत परसबागा, २ वर्षं, ६० लाख. एम अँड ई अधिकारी २२ हजार महिना, म्हणजे ५.२८ लाख. सुरुवातीचं सर्वेक्षण म्हणजे बेसलाइन आणि शेवटचं म्हणजे एंडलाइन, दोन्ही मिळून १.३२ लाख.

रानवाटा
स्पष्टवक्ता, ते ५% कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर व्याख्येतच लिहिलंय की विशिष्ट प्रकल्पाच्या देखरेखीवर आणि मूल्यमापनावर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. फंडरला हे आधी कळवा.

शेवगा, तुमचे पैसे सर्वेक्षणात नाही, पगारात चाललेत. तो अधिकारी फक्त माहितीच गोळा करतो का?

परसातली_शेवगा
छे! अर्धा महिना तोच बियाणं वाटतो, बायकांची प्रशिक्षणं घेतो.

रानवाटा
मग अर्धा पगार अंमलबजावणीत दाखवा. एम अँड ई उरतो ३.९६ लाख, म्हणजे ६.६%. पण टाइमशीट खरी ठेवा, ऑडिटर मागतोच.

गोदाकाठ
आमच्या शाळेच्या प्रकल्पात आम्ही सगळं मूल्यमापन बाहेरच्या एजन्सीला दिलं. फंडरचा विश्वास त्यावरच बसतो.

रानवाटा
६० लाखांत एजन्सी परवडते का ते तरी विचारा! इम्पॅक्ट असेसमेंटची, म्हणजे बाहेरच्या एजन्सीकडून परिणाम तपासून घ्यायची सक्ती १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना, तीही मोठं सीएसआर असलेल्या कंपन्यांना.

स्पष्टवक्ता
बरं, मर्यादेचं मान्य. पण ६.६ तरी कशाला? बेसलाइन काढून टाका, शेवटी एकच सर्वेक्षण करा.

रानवाटा
आणि आधी किती घरं भाजी लावत होती हे कुठून आणणार? दोन वर्षांनी विचारलं तर लोक आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात. कापायचंच तर नमुना कापा. शेवगा, किती घरं धरलीत?

परसातली_शेवगा
४००. दोन्ही वेळा.

रानवाटा
२०० केलीत तर क्षेत्रकामाचा खर्च जवळजवळ निम्मा होईल, पण फॉर्म बनवणं, सर्वेक्षकांचं प्रशिक्षण तेवढंच राहील. आकड्यातली चूक साधारण ५ वरून ७ टक्के बिंदूंवर जाईल, गावागावानुसार निवड असेल तर आणखी. परसबागा २० टक्क्यांवरून ६० वर नेणार असाल तर २०० पुरे. २० वरून २८ असेल तर फरक दिसणारच नाही. फंडरला हेच लिहा: एवढ्या पैशात एवढा बदल पकडता येतो.

मधुमालती
परसबागेला ८०जी मिळतं का हो?

गोदाकाठ
सर्वेक्षणाची माहिती मोबाइलवर कोबो ॲपमध्ये भरा, कागद वाचेल.

परसातली_शेवगा
लक्ष्य ४५% आहे. पण आत्ता किती घरं लावतात हेच माहीत नाही, त्यालाच तर बेसलाइन! मग नमुना ठरवू कसा?

रानवाटा
दोन-तीन गावांत ३०-४० घरं आधी फिरून बघा. त्याचे पैसे फंडर देईल का, ते मात्र विचारावं लागेल.