मदत हवी आहे: स्टिकरवर पत्ते खालच्या ओळींत वर सरकतायत (मेल मर्ज)

लातूरचा_मामा
भाचीचं लग्न आहे, पत्रिका छापून आल्या. 430 पत्ते एक्सेलमध्ये आहेत आणि 24 स्टिकरच्या शीट आणल्यात. मेल मर्ज करून प्रिंट काढली की पहिली ओळ बरोबर बसते, पण खाली जाईल तसा पत्ता वर-वर सरकतो. शेवटच्या ओळीत नाव वरच्याच स्टिकरवर जातं. मार्जिन बदलून बघितलं, उपयोग नाही. पत्रिका याच आठवड्यात टपालात पडायला पाहिजेत. लवकर सांगा.

परभणी_प्रतीक
मामा, वर्डमध्ये करताय का लिबरऑफिसमध्ये? प्रिंटर कोणता? स्टिकरचं माप काय? 24 वाल्या शीट सगळ्या सारख्या नसतात.

बीडकर_आबा
हल्ली पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. 430 पाकिटांचा टपाल खर्च कशाला?

लातूरचा_मामा
आबा, थोरामोठ्यांना पत्रिका हातात नाही तर टपालानं गेली पाहिजे. आमच्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलावण्याला लोक बोलावणं समजत नाहीत. प्रतीक, वर्ड आहे. स्टिकर 64 बाय 34 मिमी, पाकिटावर लिहिलंय.

नांदेड_सुनीता
हे माझ्यासोबत झालंय! लांब पत्ता असला की टेबलची ओळ फुगते आणि पुढचं सगळं हलतं. टेबल सिलेक्ट करून Row height मध्ये `Exactly` करा आणि 3.4 सेमी टाका. शंभर टक्के हेच आहे.

डीटीपी_जालना
सुनीताताई, ओळ फुगली तर मजकूर खाली ढकलला जातो. मामांचा वर सरकतोय, म्हणजे कारण दुसरं आहे. शिवाय वर्ड लेबलच्या टेबलला सहसा `Exactly` स्वतःच लावतं. `Exactly` असताना लांब पत्ता ओळ फुगवत नाही, खालून कापला जातो.

मामा, तीन गोष्टी सांगा. मार्जिन आधी किती होतं आणि आता किती केलंय? डावीकडच्या कॉलममधला मजकूर उजवीकडं आणि उजवीकडच्यातला डावीकडं, म्हणजे मधोमध ओढल्यासारखा दिसतो का? आणि प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढता का दुसरीकडं?

लातूरचा_मामा
घरी प्रिंटर नाही. पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घेतो, गंजगोलाईजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लेसरवर काढतो. वरचं मार्जिन पट्टीनं मोजून 12.5 मिमी ठेवलं होतं, तेव्हा पहिली ओळच खाली पडत होती, म्हणून 8.5 केलं. आणि हो, डावीकडचं जरा उजवीकडं सरकलंय, आता बघितलं. तिसऱ्या कॉलमचं उलट.

डीटीपी_जालना
मग पकडलं. दुकानदार पीडीएफ `Fit` वर काढतोय. त्यात पान साधारण 97 टक्क्यांपर्यंत लहान होऊन कागदाच्या मधोमध बसतं. वरचं सगळं खाली येतं, खालचं वर जातं, कडेचं आत येतं. 12.5 मार्जिनवर तुमची पहिली ओळ चारेक मिमी खाली आली ती यामुळंच. तुम्ही मार्जिन 8.5 केल्यावर पहिली ओळ जागेवर बसली, पण सगळाच मजकूर चार मिमी वर गेला. तळाला लहान होण्याचे तीन मिमी आणि हे चार, म्हणजे आठव्या ओळीत सात मिमीचा फरक पडतो. 34 मिमीच्या स्टिकरवर सात मिमी म्हणजे नावाची ओळ शेजाऱ्याच्या अंगावर.

आधी खात्री करा. वर्डच्या कोऱ्या पानावर बरोबर 10 सेमी रुंदीचा चौकोन काढा, पीडीएफ करून त्याच दुकानात साध्या कागदावर छापा, पट्टी लावा. 97 मिमी भरला तर `Fit` चालू आहे. मग दुकानदाराला प्रिंटच्या खिडकीत `Actual size` निवडायला सांगा आणि मार्जिन परत 12.5 करा. पत्त्यांची पहिली प्रतही साध्या कागदावर काढून, स्टिकरची शीट मागं ठेवून उजेडाकडं धरा. बसली तरच स्टिकर घाला.

परभणी_प्रतीक
लिबरऑफिसमध्ये लेबल सरळ होतात, वर्डच्या नादाला लागू नका.

डीटीपी_जालना
`Fit` वर छापलं तर लिबरऑफिसचंही असंच होईल, प्रतीक. दोष छपाईच्या वेळचा आहे.

परभणी_प्रतीक
ते खरं, पण वर्डमध्ये लेबलचं माप टाकताना `Page size` चुकून अमेरिकन लेटर राहतं. ते तरी तपासा.

डीटीपी_जालना
ते तपासायला हरकत नाही, A4 च पाहिजे. पण लेटर असतं तर 12.5 मार्जिन आणि 34 च्या आठ ओळी त्या पानात मावल्याच नसत्या, वर्डनं तिथंच नकार दिला असता. मामांचं बहुतेक A4 च आहे.

धाराशिव_रेखा
मला पाकिटावरच थेट पत्ता छापायचाय, स्टिकर नको. पाकीट प्रिंटरमध्ये उभं घालायचं का आडवं?

नांदेड_सुनीता
रेखाताई, वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

लातूरचा_मामा
चौकोन छापला, 97 भरला! `Actual size` केलं आणि साध्या कागदावर सगळ्या ओळी बसल्या. पण नवीन फाइल सुरुवातीपासून केली तर आता पत्ता फक्त पहिल्या स्टिकरवर येतोय, बाकीच्यांवर नुसतं `«Next Record»` दिसतं. हे काय नवीन?

डीटीपी_जालना
पहिल्या स्टिकरमध्ये नाव, गाव, पिन सगळे फील्ड घालून झाले की `Mailings` मधलं `Update Labels` दाबा. पहिल्या स्टिकरची मांडणी बाकी 23 वर उतरते. `«Next Record»` पुसू नका. ते पुसलं तर शेजारच्या स्टिकरवरही तोच पाहुणा येतो. पुढं पहिल्या स्टिकरमध्ये फॉन्ट बदलला तरी `Update Labels` परत दाबायचं, नाही तर बदल बाकीच्यांवर जात नाही.

आणखी एक. शीट प्रत्येक वेळी एकसारखी ओढली जात नाही, मिलिमीटरभर फरक पडतोच. पत्ता स्टिकरच्या कडेला चिकटवू नका, डावीकडं तीन-चार मिमी जागा सोडा आणि मजकूर उभ्यात मधोमध ठेवा. 430 पत्त्यांना 18 शीट लागतील, दोन जास्त घेऊन जा.

बीडकर_आबा
शेवटच्या शीटवर दोन स्टिकर उरतील, ते पुढच्या लग्नाला वापरता येतील की.

डीटीपी_जालना
आबा, स्टिकर काढलेली शीट परत लेसरमध्ये घालू नका. आत रोलर तापलेला असतो, उघड्या कडेचं स्टिकर सुटून त्याला चिकटलं तर दुकानदाराचा प्रिंटर बंद पडेल. उरलेल्या दोनांवर हातानं लिहा.

परभणी_प्रतीक
आम्ही अर्ध्या शीट इंकजेटमध्ये घातल्यात, काही झालं नाही.

डीटीपी_जालना
इंकजेटमध्ये उष्णता नसते, तिथं धोका कमी आहे. पण मामांचा प्रिंटर लेसर आहे.

लातूरचा_मामा
`Update Labels` नं झालं, 24 च्या 24 भरले. उद्या दुकानात जातो. फक्त एक राहिलं. वडिलांनी दिलेल्या जुन्या यादीतली साठेक नावं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत, ती मर्जमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येतात. बाकी यादी युनिकोडमध्ये आहे. फील्डला श्रीलिपीचा फॉन्ट लावला की ती साठ नीट येतात, पण युनिकोडवाल्यांच्या पत्त्यातले इंग्रजी आकडे बिघडतात. परत टाइप न करता काही होतं का?

नांदेड_सुनीता
तेवढ्या साठांची वेगळी फाइल करून वेगळी मर्ज करा, मामा. त्यात फॉन्ट श्रीलिपी, दुसरीत युनिकोड.

परभणी_प्रतीक
कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं बघूनच घ्या. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते. श्रीलिपीची कोणती आवृत्ती आहे? त्यावर कन्व्हर्टर ठरतो.

लातूरचा_मामा
आवृत्ती वडिलांना विचारून सांगतो.