दहावी झाली, मुलाला काहीच ठरवता येत नाही. शाखा कशी निवडावी? (मदत हवी आहे)

निळी_छत्री:
नमस्कार. मुलगा यंदा दहावी झाला, राज्य मंडळ, सेमी. साताऱ्याजवळ राहतो. 82.40 टक्के पडले. मराठी 86, संस्कृत 94, इंग्रजी 78, गणित 61, विज्ञान 70, सामाजिक शास्त्रे 84. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा भाग एक भरून झालाय, पसंतीक्रम भरायला आठ दिवस आहेत.

अडचण अशी की त्याला काय आवडतं हे त्यालाच माहीत नाही. विचारलं की "तुम्ही म्हणाल ते" म्हणतो. आळशी नाही, उलट सांगितलेलं सगळं करतो. सायकल, मोबाइल, मित्र, एवढंच. सासरे म्हणतात सायन्स, हे म्हणतात कॉमर्स, मी मधे. रात्री झोप लागत नाही. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी कृपया सांगा.

वाटसरू_ठाणे:
ताई, ठरत नसेल तर सायन्सच घ्या. सायन्सवरून कॉमर्स, आर्ट्सला केव्हाही जाता येतं, उलटं जाता येत नाही. दोन वर्षं विचार करायला मिळतात.

कुंदाकाकू:
माझ्या नातीचं सीबीएसईचं होतं, तिने ह्युमॅनिटीजमध्ये गणित घेतलं आणि छान चाललंय. तुम्ही बोर्ड बदलायचा विचार केलाय का?

निळी_छत्री:
काकू, बोर्ड बदलायचं नाहीये, इथे जवळ दुसरा पर्याय नाही. प्रश्न फक्त शाखेचा आहे.

बारावी_बावन्न:
वाटसरूदादा, मी हाच सल्ला ऐकला होता. दहावीला 84 होते. पर्याय उघडे राहावेत म्हणून सायन्स घेतलं. अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला 50 पैकी 9. मग क्लास लावला, मग दुसरा क्लास. बारावीला 52 टक्के. मला मानसशास्त्रात बीए करायचं होतं, पण हव्या त्या कॉलेजची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागली आणि माझं नाव कुठेच नव्हतं. रस्ता उघडा होता, पण त्यावरून जाण्याइतके मार्क माझ्याकडे उरले नव्हते. तुमच्या मुलाचं असंच होईल असं म्हणत नाही, फक्त हेही लक्षात घ्या.

जुना_खडू:
मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं. ताई, आधी गुणपत्रिका पाहू. 82.40 ही सहापैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी आहे. त्यातून नेमकं गणितच बाहेर पडलं. घरात सगळे 82 वर बोलताहेत आणि सायन्सचा निर्णय मात्र त्या 61 वर उभा राहणार आहे.

तो 61 देखील पुरेसं सांगत नाही. गुणपत्रिकेत बीजगणित आणि भूमिती एकत्र येतात, विज्ञानाचे दोन्ही भागही एकत्र. शाळेतून पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका मिळाल्या असतील तर काढा. कुठे किती मिळाले यापेक्षा काय सोडून दिलं ते बघा. चूक करून गेलेला मार्क आणि कोरा सोडलेला प्रश्न यात फरक आहे. चूक सुधारता येते. मूल जे गणित वाचूनच पुढे सरकतं, ते त्याला नकोसं आहे.

मग तीन पुस्तकं द्या. बालभारतीच्या ebalbharati.in वर अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. भौतिकशास्त्राचं दुसरं प्रकरण, गणितीय पद्धती. सदिश आणि कलनशास्त्राची ओळख त्यात आहे, पुढचं सगळं फिजिक्स त्यावर चालतं. अकाउंट्समधली रोजकीर्द. तिसरं मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र, त्याला हवं ते. प्रत्येकाला दोन दिवस, रोज एक तास, क्लास नाही, मदत नाही. "आवडलं का" विचारू नका, तो "हो" म्हणेल. तास संपल्यावर तो पुस्तक मिटतो की अजून दोन ओळी वाचतो, एवढंच लांबून पाहा.

वाटसरू, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सायन्स न घेतल्यास अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, बीएस्सी नर्सिंग, कृषी, वास्तुकला हे बंद. पण पाच वर्षांचा कायदा, सीए, हॉटेल मॅनेजमेंट, डिझाइनचे बरेच अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षा यांना कोणतीही शाखा चालते. आणि सायन्समध्येही दारं बंद होतात. गणित सोडलं की अभियांत्रिकी आणि वास्तुकला जाते, जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीय.

वाटसरू_ठाणे:
हे मान्य. पण अभियांत्रिकीची इच्छा नंतर झाली तर?

जुना_खडू:
पॉलिटेक्निक डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. बारावी कॉमर्स करूनही कुणी तिथे जाऊ शकतो, नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वर्षं जातात हे खरं, पण वाट पूर्ण बंद होत नाही.

निळी_छत्री:
सहा दिवसांनी लिहितेय. पूर्वपरीक्षेत बीजगणितात त्याने शाब्दिक उदाहरणं सोडवली होती, भूमितीत सिद्धता जवळजवळ सगळ्या कोऱ्या. विज्ञान भाग एकमध्ये आंकिक उदाहरणं कोरी.

फिजिक्सचं प्रकरण चौथ्या पानापर्यंत गेलं, दुसऱ्या दिवशी वहीत चित्रं काढलेली दिसली. रोजकीर्दीच्या वीस नोंदींपैकी चौदा बरोबर आल्या. एका नोंदीवर येऊन मला विचारलं, मालकाने घरखर्चासाठी दुकानातले 5,000 घेतले तर उचल खाते नावे आणि रोख जमा का, पैसे तर त्याचेच ना? त्याने आपणहून विचारलेला या सुट्टीतला पहिला प्रश्न. त्यावर मग त्याच्या वडिलांशी अर्धा तास बोलला. मानसशास्त्र झोपायच्या आधी लोळत वाचतो, पुस्तक बाजूला ठेवायला सांगावं लागलं.

आता सायन्स नाही हे मला कळलं. पण कॉमर्स की आर्ट्स?

जुना_खडू:
तो उचलीचा प्रश्न मला फार आवडला. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, इथेच बरीच मुलं अडखळतात. त्याने ती गाठ स्वतः शोधली.

कॉमर्स घेतलं तर एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस या विषयाऐवजी गणित घ्यावं असं मी म्हणेन. अर्थशास्त्र, संख्याशास्त्राचे काही चांगले पदवी अभ्यासक्रम बारावीला गणित मागतात आणि तुमच्या मुलाला शाब्दिक गणितं जमताहेत. आर्ट्समध्येही गणित घेता येतं, मंडळाच्या पुस्तकाचं नावच गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान असं आहे. पण आर्ट्सला ते शिकवणारी कॉलेजं कमी, आधी विचारून घ्या.

निळी_छत्री:
विचारलं. इथल्या दोन्ही कॉलेजांत आर्ट्सला गणित नाही. एकात मानसशास्त्रही नाही.

बारावी_बावन्न:
मग कॉमर्स आणि मानसशास्त्र नंतर पदवीला? बीए मानसशास्त्राला बारावी कॉमर्सची मुलंही येतात. फक्त पहिली पसंती विचार करून टाका. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

निळी_छत्री:
धन्यवाद. उद्या तो आणि मी दोघं फॉर्मला बसणार आहोत, पसंतीक्रम त्यानेच टंकायचे असं ठरलंय. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना 61 चा कागद दाखवावा की त्या चौदा नोंदींची वही, हे मला समजत नाहीये. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

कुंदाकाकू:
वही दाखव गं. आणि त्याला स्वतःला समजावू दे त्यांना.